बँकेने कापलेला टीसीएस: परत मिळतो, पण मागावा लागतो

परदेशी युनिव्हर्सिटीची ऑफर आली की घरात फी, हॉस्टेल, व्हिसा, विमान असे सगळे हिशेब मांडले जातात. एक आकडा मात्र बहुतेकांच्या वहीत नसतो. बँकेत पैसे पाठवायला गेलात की फीपेक्षा जास्त रक्कम खात्यातून वजा होते आणि काउंटरवरचा माणूस सांगतो, ‘टीसीएस आहे, नंतर परत मिळेल.’ हे खरं आहे, पण अर्धंच. तो आपोआप परत मिळत नाही.

टीसीएस म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने सरकारसाठी गोळा केलेला आगाऊ इन्कम टॅक्स. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा नियम असा: एका पॅनवरून वर्षभरात परदेशी पाठवलेल्या पहिल्या दहा लाखांवर काही नाही. त्यापुढच्या रकमेवर शिक्षणासाठी ५ टक्के आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस नाही.

आता एक उदाहरण बघू. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी आयर्लंडला एमएस करायला गेली, असं समजा. कर्ज घेतलेलं नाही. वडिलांनी स्वतःच्या खात्यातून ऑगस्टमध्ये फीचे १२ लाख पाठवले. दहा लाखांवरच्या दोन लाखांचे ५ टक्के, म्हणजे १० हजार रुपये टीसीएस झाला आणि खात्यातून १२ लाख १० हजार गेले. जानेवारीत राहण्या-खाण्यासाठी आणखी सहा लाख पाठवले. मर्यादा आधीच संपलेली, त्यामुळे पूर्ण सहा लाखांवर ५ टक्के, म्हणजे ३० हजार. एकूण ४० हजार.

पण जानेवारीच्या फॉर्मवर कोणी सवयीने ‘कुटुंबाचा निर्वाह’ हे कारण टाकलं, तर त्याच सहा लाखांवर २० टक्के लागतात. म्हणजे ३० हजारांऐवजी एक लाख २० हजार! खरं तर शिकायला गेलेल्या मुलाचा रोजचा खर्च आणि जाण्या-येण्याचं तिकीटही शिक्षणाच्या खर्चातच धरलं जातं, हे प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ सालीच स्पष्ट केलं आहे. म्हणून सही करण्याआधी फॉर्मवरचा पर्पज कोड वाचा. शिक्षणासाठी S0305, कुटुंबाच्या निर्वाहासाठी S1301.

आता ते ४० हजार परत कसे येणार? वडील पगारदार असते तर सोपं होतं. ऑफिसला फॉर्म 12BAA दिला की तेवढा टॅक्स पुढच्या पगारांतून कमी कापला जातो. बागायतदाराला तशी सोय नाही. त्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, बाकीचं करपात्र मर्यादेच्या आत, म्हणून त्याने कधी रिटर्न भरलेलंच नसतं. आणि रिटर्न नाही तर रिफंड नाही. ज्याला टॅक्स लागतच नाही, त्याचेच पैसे सर्वात जास्त काळ अडकतात. नियमातली ही उणीव सरकारने दूर करायला हवी. तोपर्यंत हे काम घरातल्या शिकलेल्या पोरांचं, म्हणजे तुमचं.

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर वडिलांच्या नावाने लॉगिन करून फॉर्म 26AS उघडा. तिथे बँकेच्या नावासमोर ते ४० हजार दिसायला हवेत. बँक दर तिमाहीला हिशेब भरते आणि जानेवारी ते मार्चचा हिशेब भरण्याची मुदत १५ मे असते, म्हणून एप्रिलमध्ये आकडा अपुरा दिसला तर घाबरू नका. मे संपला तरी नोंद नसेल तर बँकेकडून टीसीएस सर्टिफिकेट, फॉर्म 27D, मागा आणि पॅन चुकीचा टाकलाय का ते तपासा.

शेतीचं उत्पन्न पाच हजारांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरा. त्यातल्या टीसीएसच्या तक्त्यात 26AS मधली रक्कम जुळते का ते बघा, रिफंडचं खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करा आणि रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. मुदत ३१ जुलै. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं.

आणि एक लक्षात ठेवा: टीसीएस ज्याच्या पॅनवर कापला, रिफंडही त्यालाच. पैसे तुमच्या खात्यातून, तुमच्या पॅनवर गेले असतील तर रिटर्न तुम्हालाच भरावं लागेल, उत्पन्न शून्य असलं तरी. तेव्हा विमानात बसण्याआधी आधारला जोडलेला मोबाइल नंबर परदेशातही चालू राहील याची सोय करा. ओटीपी त्याच नंबरवर येतो.