पनीरच्या पाण्यात नक्की काय उरतं?



आजचा लेख माझ्याच एका चुकीबद्दल आहे. मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात 'आहारातील घटक' शिकवताना मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. दुधात दोन प्रथिने असतात, केसिन आणि व्हे. दूध फाडलं की केसिन पनीरमध्ये जातं आणि व्हे पाण्यात राहतं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं, मीही खूश. पुढे पालकसभेत एक आई भेटली. त्यांचं गुलमंडीत कापडाचं छोटं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगितल्यापासून हिचं सकाळचं दूध बंद केलं. आता पनीर केलं की उरलेलं पाणीच देते पेलाभर. मोबाईलवर पण दाखवतात ना, व्हे प्रोटीन म्हणजे तेच!" मुलगी आधीच किरकोळ अंगाची. मी त्यांना काय उत्तर देणार होते? माझंच वाक्य त्यांनी माझ्यासमोर ठेवलं होतं.

घरी येऊन नीट वाचलं तेव्हा कळलं, माझ्या दोन ओळींपैकी पहिली बरोबर होती. दुसरी चीझच्या बाबतीत चालते, पण आपल्या पनीरच्या बाबतीत बऱ्याच अंशी चुकीची आहे. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. पनीरचं पाणी फेकू नये, पण त्याला 'प्रोटीनचं पाणी' म्हणणं आपण शिक्षकांनी तरी थांबवलं पाहिजे. का, ते सावकाश बघू.

दोन प्रथिने, दोन स्वभाव

गायीच्या १ लिटर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिने असतात. त्यातली सुमारे २६ ग्रॅम केसिन आणि ६ ग्रॅम व्हे प्रथिने. हे प्रमाण ढोबळमानाने ८०:२० असं लक्षात ठेवा.

केसिनचे अगदी बारीक गोळे दुधात तरंगत असतात आणि कॅल्शियम व फॉस्फेट त्यांना बांधून ठेवतात. दूध पांढरं दिसतं ते बरंचसं या गोळ्यांमुळेच. केसिन उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ताजं दूध कितीही उकळा, ते फाटत नाही. पण लिंबू पिळलं, की हे गोळे एकमेकांना चिकटून खाली बसतात.

व्हे प्रथिनांचं उलटं आहे. ती पाण्यात विरघळलेली असतात. नुसतं लिंबू पिळून ती सुटी होत नाहीत, मात्र उष्णतेने अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात. याचं आपल्या घरातलं उत्तम उदाहरण म्हणजे खरवस. खरवसाला आपण ना लिंबू घालतो ना विरजण. चिकात गूळ आणि वेलची घालून नुसतं वाफवतो, तरी वडी पडते. कारण गाय किंवा म्हैस व्याल्यावरच्या पहिल्या चिकात वासराला रोगांपासून वाचवणारी व्हे गटातली प्रथिने भरपूर असतात. नेहमीच्या दुधात ती इतकी कमी असतात, की नुसतं वाफवून दूध घट्ट होत नाही. मुलांना 'केसिन आंबटाने जमतं, व्हे उष्णतेने जमतं' एवढं खरवसाच्या उदाहरणाने सांगितलं तरी ती विसरत नाहीत.

मग पनीर करताना काय होतं?

आमच्या शाळेजवळच्या डेअरीवर एकदा पनीर करताना उभी राहून पाहिलं. मोठ्या कढईत दूध उकळीला येऊ दिलं, गॅस बंद केला, जरा वाफ जाऊ दिली. मग गरम दुधात सायट्रिक अॅसिडचं पाणी थोडं थोडं सोडत हळूहळू ढवळलं. पाणी हिरवट-पिवळं आणि स्वच्छ दिसलं तसा हात थांबला. नंतर कपड्यात बांधून वर वजन. घरी आपणही हेच करतो, लिंबाने किंवा व्हिनेगरने.

या क्रमात आधी उष्णता आणि नंतर आंबट येतं. माझी चूक नेमकी इथे होती. दूध उकळीला येतं तेव्हाच व्हे प्रथिनांची घडी उलगडते. त्यांच्यातलं मुख्य प्रथिन, ज्याला बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन म्हणतात, ते केसिनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतं. लिंबू पडेपर्यंत बरीचशी व्हे प्रथिने केसिनच्या अंगावर बसलेली असतात. केसिन खाली बसलं की त्यांनाही सोबत घेऊन जातं. म्हणजे त्यांचा मोठा भाग पनीरमध्येच गेला!

चीझचा कारखाना वेगळ्या पद्धतीने काम करतो. तिथे दूध पाश्चराइझ करतात, पण आपल्यासारखं खळखळ उकळत नाहीत. कोमट दुधात रेनेट नावाचं विकर घालून ते जमवतात. व्हे प्रथिनांची घडी तशीच राहते, म्हणून ती पाण्याबरोबर बाहेर येतात. डब्यातली व्हे पावडर मुख्यतः या चीझच्या पाण्यातून, गाळून आणि आटवून, तयार होते. मोबाईलवरचे व्हिडिओ हे पाणी आणि आपल्या कढईतलं पाणी एकच समजतात.

हिशेब मांडून बघू

गायीच्या १ लिटर दुधाचं पनीर केलं, तर साधारण ८०० मिली पाणी उरतं. त्यात सगळी मिळून ३ ते ४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे २०० मिलीच्या एका पेल्यात जेमतेम १ ग्रॅम. तेवढ्याच दुधात ६ ग्रॅमच्या वर असतात आणि एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. पावडरच्या एका चमच्यातून २० ग्रॅम मिळतात असं धरलं, तर तेवढ्यासाठी पनीरचं ४ ते ५ लिटर पाणी प्यावं लागेल.

त्या ताईंच्या मुलीचा हिशेब काढा. सकाळच्या दुधातले ६ ग्रॅम गेले, बदल्यात १ ग्रॅम आलं. पनीर सगळ्यांच्या भाजीत वाटलं गेलं. पोषण वाढवायला म्हणून केलेल्या बदलाने ते कमीच झालं, आणि सुरुवात माझ्या फळ्यावरून झाली होती.

तरी पाणी फेकू नका, कारण...

पाण्यात सगळ्यात जास्त असते ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. एका पेल्यात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे साखरेएवढी. ती फारशी गोड लागत नाही म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पोटॅशियमसारखे क्षार असतात. आंबटामुळे केसिनला बांधून ठेवणारं कॅल्शियमही काही प्रमाणात सुटून पाण्यात येतं. पाणी जितकं आंबट, तितकं ते जास्त उतरतं. आणि तो हिरवट-पिवळा रंग आहे ना, तो ब-२ जीवनसत्त्वाचा. हे जीवनसत्त्व उन्हात टिकत नाही, म्हणून पाणी काचेच्या बरणीत खिडकीत ठेवण्यापेक्षा झाकलेल्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा.

वापर साधाच. कणीक भिजवा, वरणात घाला, भात शिजवताना घाला. कणीक या पाण्याने मळली तर पोळीवर डाग जरा लवकर पडतात, ते लॅक्टोजमुळे, म्हणून आच बेताची ठेवा. पाणी आधीच आंबट असतं, तेव्हा आमटीत चिंच-कोकम कमी घाला.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. दूध प्यायल्यावर ज्या मुलाचं पोट फुगतं किंवा जुलाब होतात, त्याला हे पाणी देऊ नका. दुधातली बरीचशी साखर पाण्यातच उतरलेली असते, म्हणून त्याला पनीर सोसेल पण पाणी सोसणार नाही. आणि ज्या मुलाला दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी आहे, त्याला दोन्ही नको. प्रथिन कमी असलं तरी अॅलर्जीला थोडंसंही पुरतं.

वर्गात करून बघा

आता मी हा पाठ सांगत नाही, करून दाखवते. पिशवीतलं न उकळलेलं दूध पाव लिटर घ्या. टेट्रापॅकचं नको, कारण ते कारखान्यातच खूप तापवलेलं असतं. दूध बोटाला कोमट लागेल इतकंच गरम करा. लिंबाचा रस थेंब थेंब घालत ढवळा. गाठी सुटल्या की बारीक कपड्यातून, लागलं तर दोनदा, गाळा. खाली आलेलं पाणी उकळा. ते गढूळ होतं आणि पांढरे कण दिसू लागतात. ही व्हे प्रथिने!

आता दुसरं पाव लिटर दूध आधी पाच मिनिटं उकळा, मग गरम असतानाच फाडा, गाळा आणि पाणी पुन्हा उकळा. या वेळी पाणी बहुतेक तसंच राहतं. कण आधीच पनीरमध्ये गेले आहेत, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

प्रयोग फसतो तो दोन ठिकाणी. गाळलेलं पाणी दुधासारखं पांढरट असेल, तर लिंबू कमी पडलं आहे. केसिन पूर्ण बसलेलं नाही, अजून दोन थेंब घाला. उलट लिंबू फार पिळलं, तर उकळल्यावरही कण नीट सुटत नाहीत. आणि गॅसजवळ आपणच उभं राहायचं, मुलांनी लांबून बघायचं.

त्या ताईंना मी दुकानात जाऊन भेटले आणि माझी ओळ चुकली होती हे सांगितलं. मुलीचं दूध पुन्हा सुरू झालं. पाण्यात आता कणीक मळतात. फळ्यावरची ओळ मी बदलली आहे: "पनीरमध्ये केसिन आणि बरंचसं व्हे, पाण्यात मुख्यतः दुधातली साखर आणि क्षार." तुमच्याही वर्गात जुनी ओळ शिकवली गेली असेल, तर एवढा बदल जरूर करा. मुलं ती ओळ घरी घेऊन जातात.