पहिली भेट: जागा कोण ठरवतंय, ते पाहा

डेटिंग अ‍ॅपवर गप्पा रंगल्या, आता भेटायचं ठरतंय. त्याआधी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा, शक्यतो अ‍ॅपवरूनच. फोटोतली व्यक्ती तीच आहे का, हे तिथे कळतं. कॉल वारंवार टाळला जात असेल, तर भेट नको.

कॉलनंतर विचारा, ‘कुठे भेटूया?’ मुंबई-दिल्लीत 2024 मध्ये उघड झालेल्या फसवणुकीत तरुणी ठरावीक क्लबचाच आग्रह धरत, महागडी पेयं मागवत आणि मध्येच निघून जात. हजारोंचं बिल तरुणाच्या गळ्यात पडे. म्हणून तुम्हीच दुसरी जागा सुचवा: ‘दुपारी चारला दादर स्टेशनजवळ चहा घेऊया?’ नकार म्हणजे फसवणूकच, असं नाही. पण प्रत्येक पर्याय नाकारून गाडी त्याच क्लबवर येत असेल, तर भेट रद्द करा.

भेटीला स्वतःच्या सोयीने जा, घरी सोडण्याची ऑफर टाळा. मित्राला जागा, वेळ कळवून लाइव्ह लोकेशन पाठवा. ऑर्डर देण्याआधी मेन्यूतले दर पाहा. बिलासाठी अडवून धमकावलं, तर वाद न घालता 112 लावा.