चिन्ह लहान, जागा मोठी

सीताबर्डीहून सुटलेल्या मेट्रोत एक हात कडीला असतो, तेव्हा मोबाइल चालवतो तो एकटा अंगठा. आणि टूलबारवरचं 24 पिक्सेलचं चिन्ह त्याच्यापुढे फारच लहान पडतं. अँड्रॉइड 48 एककांची स्पर्शजागा सुचवतं. त्यासाठी चिन्ह फुगवायची गरज नाही: `padding: 12px` दिलं की जागा 48 होते, आणि `margin: -12px` मुळे मांडणी जिथल्या तिथे राहते. पण शेजारच्या चिन्हांत 8 पिक्सेलचंच अंतर असेल, तर या दोन जागा 16 पिक्सेल एकमेकींवर चढतात. कोडमध्ये नंतर येणारं बटण वर बसतं आणि पहिल्या चिन्हाच्या उजव्या कडेचे 4 पिक्सेलही गिळतं. ‘जतन’वर टेकलेलं बोट ‘पुसा’वर पडतं. डोळ्यांना हे दिसत नाही, म्हणून तपासताना पॅडिंगला तात्पुरता फिकट रंग द्यावा. अशा वेळी आडवं पॅडिंग 4 वर आणि आडवं मार्जिन -4 वर आणून उभं तसंच ठेवावं, हे मला बरं वाटतं. रुंदी 32 च राहते, हा आक्षेप खरा. पण अरुंद बटण फार तर चुकतं, चढलेलं बटण भलतंच काम करतं. पूर्ण 48 हवेतच, तर अंतर 24 करावं आणि एखादं चिन्ह मेनूत ढकलावं.