‘गॅस’ म्हणण्याआधी कार्डिओग्राम

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ आली की बहुतेक घरांत पहिले निदान ठरलेले असते: गॅस. ओवा चावला जातो, सोडा प्यायला जातो, आणि ढेकर आली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. यात घरच्यांना फार दोष देता येणार नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला, तर दुखणे अनेकदा बेंबीच्या वरच जाणवते, मळमळते, उलटी होते. आम्लपित्ताच्या औषधाने किंवा ढेकर आल्याने थोडे बरे वाटले, म्हणून हृदयविकार नाही असे सिद्ध होत नाही. घरात झालेली चूक समजण्यासारखी आहे. तीच चूक रुग्णालयाच्या दारात तोंडी निदानाने पुन्हा होते, तेव्हा मात्र प्रश्न व्यवस्थेचा असतो.

रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्यावर साधारण अर्ध्या तासात हृदयाचे स्नायू कायमचे मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत हे नुकसान पसरत जाते. म्हणूनच अशा रुग्णाचा कार्डिओग्राम तो दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघून डॉक्टरांनी पाहिलेला असावा, असा नियम जगभर मान्य आहे. या दहा मिनिटांत रुग्णाजवळ बहुधा डॉक्टर नसतात, सिस्टर असतात. हा नियम पाळला जातो की नाही, हे बव्हंशी त्यांच्या हातात असते. निदान असायला तरी हवे.

समजा, रात्री दोनच्या सुमारास तालुक्याच्या रुग्णालयात छप्पन्न वर्षांचे, मधुमेह असलेले एक दुकानदार आले. तक्रार एकच: ‘अ‍ॅसिडिटी झालीय, एक इंजेक्शन द्या.’ कपडे घामाने भिजलेले, चेहरा पांढराफटक. सिस्टरांनी त्यांना बाकावर न बसवता थेट खाटेवर घेतले, डोक्याकडची बाजू थोडी उचलली आणि उठायला मनाई केली. डॉक्टरांना निरोप धाडला, डिफिब्रिलेटर खाटेजवळ ओढला. हृदयाचा ठोका अचानक बिघडून रुग्ण कोसळण्याचा धोका सुरुवातीच्या तासात सर्वाधिक असतो, म्हणून हे यंत्र कपाटात असून चालत नाही.

कार्डिओग्रामच्या तारा लावता लावता प्रश्न सुरू झाले. दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले? बोटाने दाखवता येते, की पूर्ण पंजा ठेवावा लागतो? जबडा, खांदा, हात, पाठ यांपैकी कुठे जाते का? श्वास घेताना किंवा दाबल्यावर वाढते का? बोटाने दाखवता येणारे, दाबल्यावर दुखणारे दुखणे हृदयाचे असण्याची शक्यता कमी होते. पण केवळ त्यावर रुग्णाला घरी पाठवता येत नाही. मधुमेही, वृद्ध आणि अनेक स्त्रिया यांच्यात तर धाप, घाम किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते.

घामेजलेल्या छातीवर रबरी फुगे टिकत नाहीत आणि पट्टीवर नुसती थरथर उमटते. सिस्टरांनी आधी छाती कोरडी पुसली, मग नोंद घेतली. सातव्या मिनिटाला पट्टी हातात आली: दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी रेषा उचललेली. म्हणजे खालच्या भिंतीचा झटका. नाडी ५२, रक्तदाब ९४ वर ६०, बोटावरचा ऑक्सिजन ९६ टक्के.

इथे एक सवय घात करू शकते. छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट, हे आता घरोघरी पाठ झाले आहे. पण खालच्या भिंतीच्या झटक्यात अनेकदा हृदयाचा उजवा कप्पाही सापडलेला असतो. असा कप्पा आत येणाऱ्या रक्ताच्या भरीवर कसाबसा चालतो. ही गोळी शिरा सैल करते, परत येणारे रक्त घटते आणि आधीच कमी असलेला रक्तदाब एकदम कोसळतो. त्यामुळे सिस्टरांनी गोळी दिली नाही. व्ही-४ची तार छातीच्या उजव्या बाजूला, त्याच उंचीवर लावून आणखी एक नोंद घेतली. तिथेही रेषा उचललेली दिसली आणि शंका पक्की झाली. रक्तदाब वरच्या आकड्यात ९० च्या खाली असेल किंवा रुग्णाने गेल्या दिवस-दोन दिवसांत लैंगिक क्षमतेची गोळी घेतली असेल, तरीही सॉर्बिट्रेट टाळायचे असते. हा प्रश्न नातेवाइकांसमोर नव्हे, रुग्णाच्या कानाशी विचारावा लागतो.

दिली ती अ‍ॅस्पिरिन, साधारण ३०० मिलिग्रॅम, गिळायची नव्हे तर चावायची. त्याआधी अ‍ॅलर्जी आणि काळी शौच यांची चौकशी झाली. ऑक्सिजन लावला नाही, कारण पातळी ९० च्या खाली गेल्याशिवाय त्याचा फायदा होत नाही. शिरेत सुई टाकली; रुग्ण मागत होता ते कमरेतले इंजेक्शन मात्र दिले नाही. थोड्याच वेळात गुठळी विरघळवणारे औषध द्यावे लागले, तर स्नायूत टोचलेल्या जागी मोठा रक्तस्राव होऊ शकतो. त्याच औषधासाठी पूर्वी पक्षाघात, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा रक्तस्राव झाला होता का, हे विचारले आणि दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला. दोन्हींत मोठा फरक आणि पाठीत फाटल्यासारखी कळ असेल, तर मुख्य धमनी चिरली असण्याची शंका येते, आणि तिथे हे औषध जीवघेणे ठरते.

डॉक्टर पोहोचले तेव्हा उरला होता निर्णय. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांच्या आत गाठता येत नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध तिथेच द्यायचे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचे. रुग्णवाहिकेत बसवून नुसता पुढे पाठवलेला रुग्ण म्हणजे वाया गेलेले हृदयस्नायू.

कार्डिओग्रामलाही मर्यादा आहे. पहिली पट्टी सरळ आली म्हणून झटका नाही, असे नसते. दुखणे चालू असेल, तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढावी लागते आणि प्रत्येक पट्टीवर वेळ लिहावी लागते. रक्तातील ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागू शकतात, त्यामुळे लवकर केलेली एकच ‘निगेटिव्ह’ चाचणी घरी जाण्याचा परवाना होत नाही.

यातले कोणतेही काम महागड्या यंत्रावर अडलेले नाही. ते अडते ते आधी केसपेपर, मग डॉक्टरांची सही, मग तंत्रज्ञाला बोलावणे या क्रमावर. प्रत्येक रुग्णालयाने एक पानी लेखी आदेश काढावा: जबडा ते बेंबी यांमधले नवे दुखणे, किंवा कारण नसताना घाम आणि धाप असेल, तर सिस्टरांनी कुणालाही न विचारता कार्डिओग्राम काढावा, अ‍ॅस्पिरिन कधी द्यावी आणि सॉर्बिट्रेट कधी देऊ नये, हेही त्याच पानावर असावे. आणि महिन्याअखेरीस केसपेपरवरची वेळ व पहिल्या पट्टीवरची वेळ शेजारी मांडून पाहावी. त्या दोन वेळांतले अंतर दहा मिनिटांहून अधिक निघाले, तर दुरुस्ती कुठे करायची हे तेच सांगेल.