खोक्याचें माप आणि वजनाची आकारणी

शिरोळ तालुक्यांतील आम्हां ऊसवाल्यांस वजनाचा वाद नवा नाहीं. कांट्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचें वजन आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. परंतु तोच शेतकरी घरचा गूळ किंवा घरीं केलेला भडंग कुरिअरनें परगांवीं धाडूं लागला, म्हणजे कांट्यावर दिसलेलें वजन एक आणि बिलांत आलेलें वजन दुसरें, असा प्रकार होतो व तो गोंधळून जातो. गेल्या दिवाळींत आमच्यावर हाच प्रसंग आला. त्याची हकीकत व त्यावरून बनलेलें आमचें मत येथें देत आहों.

दिल्लीच्या एका गिऱ्हाइकानें दहा किलो गूळ व सहा किलो भडंग मागविला होता. भडंगाचीं पाव पाव किलोचीं चोवीस पाकिटें एका पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलीं. खोक्यासह कांट्यावर वजन भरलें ६.८ किलो. दर किलोला ५० रुपये, तेव्हां सात किलोचे ३५० रुपये धरून गिऱ्हाइकास हिशेब कळविला. बिल आलें तें साडेपंधरा किलोचें, म्हणजे ७७५ रुपयांचें! मधले ४२५ रुपये अर्थातच आमच्या पदरचे गेले, आणि त्या खेपेच्या भडंगांत नफा म्हणून कांहीं उरला नाहीं. गंमत अशी कीं, त्याच दिवशीं गेलेल्या गुळाच्या खोक्याचें वजन कांट्यावर १०.४ किलो होतें आणि बिलांतहि साडेदहाच किलो लागलें. वजन तेवढ्यास तेवढें. फक्त वरचा अपुरा अर्धा किलो पुरा धरलेला.

पहिल्यानें आम्हांस ही शुद्ध लबाडी वाटली. मग कडब्याची गाडी आठवली. गुळाचे रवे भरलेली गाडी अर्धीमुर्धी दिसते तोंच बैलांना ओझें होतें. कडब्याची गाडी मात्र शिगोशीग भरली, वर दोर आवळले, तरी बैल हलकेच चालतात. गाडीवाला कडब्याचें भाडें वजनावर घेईल तर त्याचें पोट कसें भरावें? त्याची गाडी तर पुरी अडकलेली असते. विमानाच्या पोटाचें असेंच आहे. त्यांत किती भार घालावयाचा यास जशी मर्यादा आहे, तशीच किती जागा आहे यासहि आहे. म्हणून वाहतूकदार दोन वजनें काढतो. एक कांट्यावरचें खरें वजन. दुसरें खोक्यानें अडविलेल्या जागेवरून काढलेलें, ज्यास ते ‘व्हॉल्यूमेट्रिक’ म्हणजे घनमापी वजन म्हणतात. या दोहोंपैकीं जें अधिक, त्यावर आकारणी. पॅकिंग शीटवर लांबी, रुंदी व उंची यांचे रकाने असतात ते याच कामासाठीं. आपण ते घाईनें भरतों किंवा कोरे सोडतों.

रीत सोपी आहे. तिन्ही मापें सेंटिमीटरमध्यें घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास पांच हजारांनीं भागावें. येईल ते किलो. आमच्या गुळाचें खोकें ३० × २५ × २० होतें. गुणाकार १५,०००, भागाकार तीन. तीन किलोपेक्षां १०.४ अधिक, म्हणून तेथें कांटा जिंकला. भडंगाचें खोकें मोजणीच्या यंत्रावर ४७ × ४२ × ३८ भरलें. गुणाकार ७५,०१२, आणि भागाकार पंधरावर केवळ एक केसभर. त्या केसभरासाठीं पुढचा अर्धा किलो धरला गेला व साडेपंधरा झाले.

पांच हजार घनसेंटिमीटर म्हणजे पांच लिटर. तेव्हां बांधून तयार झालेल्या खोक्यांत लिटरमागें दोनशें ग्रॅमपेक्षां कमी माल बसत असेल, तर आकारणी जागेवर होणार हें आधींच समजावें. पायलीनें धान्य मोजणाऱ्या आपल्या आजोबांस हें सांगावें लागलें नसतें. एक पायली ज्वारी आणि एक पायली चुरमुरे यांतला फरक त्यांच्या हातालाच कळत असे.

हा नियम आम्हांस अन्यायाचा वाटत नाहीं. परंतु त्यांतला भाजक हा कांहीं निसर्गनियम नव्हे. विमान कंपन्या मालवाहतुकीस सामान्यतः ६,००० चा भाजक धरतात. कुरिअरवाले बहुधा ५,००० चा, आणि कोठें कोठें त्याहून लहान. भाजक जितका लहान, तितकें वजन मोठें. समजा, दुसऱ्या एकानें दर किलोला ४५ च रुपये सांगितले, पण भाजक ४,००० चा धरला. आमच्या त्याच खोक्याचे तेथें १९ किलो होऊन ८५५ रुपये पडले असते. दर स्वस्त आणि भाडें महाग! आमची खरी तक्रार येथें आहे. दर मोठ्या अक्षरांत सांगतात आणि भाजक विचारल्यावांचून सांगत नाहींत. तो दरपत्रकावर दराच्या शेजारींच छापलेला असावा, आणि नसेल तर माल देण्यापूर्वीं शेतकऱ्यानें तो लिहून मागावा.

मात्र आमचीहि चूक होती, ती लपवीत नाहीं. पॅकिंग शीटवर आम्हीं ४५ × ४० × ३५ असें लिहिलें होतें. हें माप खोकेवाल्यानें सांगितलेलें, आणि खोकेवाले बहुधा आंतलें माप सांगतात. कुरिअरवाला बाहेरून मोजतो. पांच पदरी पुठ्ठ्याच्या जाडीनेंच प्रत्येक बाजूस सेंटिमीटरभर वाढ होते. त्यांतच आमच्या मुलांनीं शेवटचीं पाकिटें दाबून बसविलीं, तेव्हां खोक्याचें पोट सुटलें. आणि मोजणी होते ती जेथें पोट सर्वांत फुगलेलें असेल तेथें. दोनतीन सेंटिमीटर म्हणजे काय तें, असें वाटतें. पण तिन्ही बाजूंचा गुणाकार होत असल्यानें लिहिलेल्या मापाचे १३ किलो होत होते त्याचे साडेपंधरा झाले.

पुढच्या खेपेस तीं चोवीस पाकिटें आडवीं, उलटसुलट रचून पाहिलीं. वर चांगली चार बोटें जागा उरली. मग खोक्याचे चारी कोपरे उभे चिरून कडा खालीं दुमडल्या. पट्टी मारल्यावर बाहेरचें माप आलें ४६ × ४१ × ३१, म्हणजे १२ किलो. माल तोच, आणि साडेतीन किलोंचें भाडें वांचलें. याहून जास्त आवळणें शक्य नाहीं. कापसाचा गठ्ठा दाबतां येतो, चुरमुऱ्याचा चुरा होतो. पाकिटांत हवा ठेवावीच लागते.

यापुढची युक्ति गुळाच्या जड खोक्यावरून सुचली. गुळाला जागा नको आणि भडंगाला भार नाहीं. मग दोहोंचें एकच खोकें कां नसावें? गूळ तळाशीं, वर जाड पुठ्ठ्याचा पडदा, त्यावर भडंग. ४६ × ४१ × ४२ या खोक्याचें घनमापी वजन १५.८४ किलो आणि खरें १७.४, आकारणी झाली साडेसतरा किलोंची. वेगवेगळीं धाडलीं असतीं तर १२ आणि साडेदहा मिळून साडेबावीस झाले असते. दर खेपेस २५० रुपयांचा हा फरक आहे. परंतु ही युक्ति सरसकट करूं नये. खोकें उलटें आदळलें तर गूळ भडंगावर बसतो, म्हणून तळचा थर हलणार नाहीं असा घट्ट हवा. पावसाळ्यांत गूळ ओल धरून पाझरतो, आणि त्या दमट हवेंत भडंग मऊ पडतो. तेव्हां श्रावणभाद्रपदांत आम्ही दोन्ही जिन्नस निराळेच धाडतों आणि अधिक भाडें गिऱ्हाइकास आधीं कळवितों.

हल्लीं आमच्या घरीं पट्टी मारल्यावर तिन्ही बाजू टेपनें मोजतात, टेप लावलेल्या स्थितींत प्रत्येक बाजूचें छायाचित्र घेतात, आणि मगच पॅकिंग शीट भरतात. मागील महिन्यांत एका खोक्याची उंची बिलांत सहा सेंटिमीटर अधिक लागली होती. तीं छायाचित्रें पाठविल्यावर आठ दिवसांत वाढीव रक्कम परत जमा झाली.