खालून कापू नका हो!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही चिडून. एका पुरवणीसाठी पंचगंगेच्या पुरावर मी पंधराशे शब्दांचा लेख दिला होता. छापून आला हजाराचा. फोन केला तर उत्तर मिळालं, "साहेब, जागा कमी पडली, खालचं उडवलं."

कापल्याचा राग नाही. लेख लांब होताच, आमच्या सौंनी आधीच सांगितलं होतं. :) राग आहे तो 'खालचं' या शब्दाचा.

बातमी खालून कापता येते, कारण तिची रचनाच तशी असते. मुद्द्याचं आधी, किरकोळ नंतर. खिळे जुळवून पानं लावायचे तेव्हा मजकूर बसला नाही की शेवटच्या चार ओळी काढणं सगळ्यात सोपं होतं. लेखाचं तसं नसतं. लेखात वरती प्रसंग असतो आणि खाली बऱ्याचदा तो 'पण' असतो, ज्यामुळे वरचं सगळं खरं ठरतं.

माझंच बघा. लेखात मधे कुठेतरी होतं, की पुराचं बोट लोक अलमट्टी धरणाकडे दाखवतात. शेवटच्या भागात होतं, की २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला आणि त्यात अलमट्टीला कारण ठरवलं नाही. समितीचं म्हणणं न पटणारे लोकही आहेत. शेपूट गेलं, आरोप राहिला. लेख वाचून आत्याचा फोन, "शेवटी धरणच रे!" आता काय सांगू तिला?

मग हट्टाने बसलो आणि तोच लेख स्वतः पाचशे शब्दांनी कमी केला. आधी एकच परिच्छेद पेन्सिलीने चौकटीत घातला. इंग्रजी पत्रकार त्याला 'नट ग्राफ' म्हणतात, मी गाभा म्हणतो. हा लेख आत्ता का वाचायचा, ते सांगणारा परिच्छेद. माझा असा होता: २०१९चा पूर अपवाद म्हणून सोडून दिला, पण जुलै २०२१ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा प्रश्न पावसाचा कमी आणि निळ्या-लाल पूररेषांच्या आत आपण काय बांधून ठेवलंय याचा जास्त आहे. (निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या.)

चौकट झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारला, तू या चौकटीचं काय काम करतोस? सुरुवातीला दोन घरांचे प्रसंग होते, एक ठेवला. ११० शब्द वाचले. तिघेजण एकच गोष्ट सांगत होते, त्यातला नेमकं बोलणारा ठेवला. १३० गेले. जुन्या पुरांचा इतिहास दोन वाक्यांत आणला, आणखी ११०. मी घाटावर कसा गेलो, चहा कुठे प्यालो, हे ८० शब्द काढताना जीवावर आलं, पण काढले. उरलेले ७० 'असे दिसून येते की', 'या पार्श्वभूमीवर' असल्या भरतीतून निघाले. एकूण पाचशे. समितीचं वाक्य जागेवर!

यात एकदा फसलो, तेही सांगतो. गाभ्याचा परिच्छेद सुरू होत होता 'या दोन्ही भिंतींवरच्या खुणा' अशा शब्दांनी. दुसरं घर तर मी काढून टाकलेलं. म्हणजे गाभा शब्दशः शाबूत, पण वाचणाऱ्याला दुसरी भिंत सापडेना. कापून झाल्यावर 'हा', 'तो', 'दोन्ही', 'वर सांगितल्याप्रमाणे' हे शब्द शोधायचे आणि त्यांचं बोट कुठे जातंय ते बघायचं. बोट रिकाम्या जागेकडे गेलं, की तिथे कात्री चुकलेली असते.

आकड्यांचंही तेच. 'राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं' हे छापून आलं होतं, पण धोक्याची पातळी ४३ फूट, हे पुढचं वाक्य खाली असल्यामुळे उडालं. कोल्हापूरकराला ते पाठ असतं. पुण्याच्या भाच्याला ५५ म्हणजे जास्त की कमी, कसं कळणार? आकडा आणि त्याची तुलना ही जोडी आहे, ठेवायची तर दोन्ही, काढायची तर दोन्ही.

"एवढं करायला वेळ कुठे असतो?" असं पुरवणीवाले म्हणतील. खरंय, पान जायला अर्धा तास उरला की नसतो. पण मग लेखकाला फोन करा ना! माझं स्वतःचं वाक्य मी दहा मिनिटांत मारलं असतं.

असो. कापलेला हजार शब्दांचा लेख आत्याला पाठवलाय. तिचं उत्तर आलं, "हा बरा आहे, पण तुझ्या चहाचं कुठे गेलं?"