रोज एक टक्का? आधी हिशेब मांडा

उसाचं बिल जमा झालं की 'आमच्या सौद्यांची नक्कल करा, रोज एक टक्का घ्या' म्हणणारे मोबाईलवर हजर होतात. शेअरबाजार वर्षात साधारण २५० दिवस चालतो. रोजचा टक्का मुद्दलात मिळवत गेलं, तर १० हजारांचे १ लाख २० हजार व्हायला हवेत! ज्याला हे जमतं, तो तुमच्याकडे फी कशाला मागेल? त्याची कमाई त्या फीतूनच होते. पडद्यावरचा नफा बहुधा नुसता आकडा असतो. काढायला गेलं की 'आधी कर भरा' म्हणतात. खरा कर सरकारात भरायचा असतो, गटाच्या खात्यावर नव्हे. सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराला खात्रीच्या नफ्याचं आश्वासन देता येत नाही. तेव्हा 'खात्रीने' ऐकलं, की तिथंच थांबा.